उशिरा धावणारी गाडी कोपरगावला किती वाजता येईल?

काळ-काम-वेगाच्या प्रकरणात आगगाडीची उदाहरणं भरपूर असतात, पण त्यातली एकही गाडी कधी लेट होत नाही. आपल्या जिल्ह्यातली मुलं मात्र दौंड-मनमाड मार्गावरच्या खऱ्या गाड्या बघतात आणि घरात खरा प्रश्न येतो तो असा: "गाडी ५० मिनिटं लेट दाखवतेय, मग कोपरगाव स्टेशनवर किती वाजता जायचं?" सातवी-आठवीच्या मुलाला हे गणित करता येतं. फक्त ते पुस्तकातल्या पद्धतीने सोडवून चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. अंतरं सुमारे आहेत आणि वेळा मी गणितासाठी ठरवल्या आहेत. वर्गात घेताना चालू वेळापत्रकातल्या घ्याव्यात.

नगर (आता अहिल्यानगर): सुटते १५.४३
बेलापूर (म्हणजे श्रीरामपूरचं स्टेशन), नगरपासून ६७ किमी: येते १६.५०, सुटते १६.५२
कोपरगाव, पुढे ४३ किमी: येते १७.३८, सुटते १७.४०
मनमाड, पुढे ४२ किमी: येते १८.५०

आज गाडी नगरहून १६.३३ ला सुटली, म्हणजे ५० मिनिटं उशिरा. आत्ता १७.१५ वाजलेत आणि राहुरी मागे टाकून ती नगरपासून ४० किमीवर आहे.

पहिलं काम म्हणजे आत्ताचा उशीर काढणं. मोबाईलवर दिसणारा "५० मिनिटं" हा आकडा बऱ्याचदा मागच्या स्टेशनवरचा असतो, या क्षणाचा नसतो. वेळापत्रकाप्रमाणे ६७ किमीला ६७ मिनिटं, म्हणून ४० किमीला ४० मिनिटं. गाडी या जागी १६.२३ ला असायला हवी होती, पण ती आहे १७.१५ ला. म्हणजे उशीर ५२ मिनिटांचा. नगर सोडल्यावर तो दोन मिनिटांनी वाढलाय.

आता पुढचं. मुलं लगेच सरासरी वेग काढतात: ४२ मिनिटांत ४० किमी, म्हणजे ताशी ५७ च्या आसपास, मग उरलेलं अंतर भागिले ५७. यात बेलापूरचा थांबा गेला, आणि प्रत्येक टप्प्याचा वेग वेगळा असतो हेही गेलं. त्यापेक्षा वेळापत्रकालाच विचारावं. या जागेपासून कोपरगावपर्यंत वेळापत्रकात किती वेळ दिलाय? १६.२३ ते १७.३८, म्हणजे ७५ मिनिटं, थांब्यासकट. १७.१५ मध्ये ७५ मिळवले की १८.३० येतात. गाडीने उशीर जराही भरून काढला नाही आणि वाढवलाही नाही, तर ही वेळ.

पण ड्रायव्हर उशीर भरून काढतो ना? काढतो, पण हवा तेवढा नाही. मार्गाने ठरवून दिलेल्या कमाल वेगाच्या वर त्याला जाता येत नाही. वेळापत्रकातला वेळ आणि कमीत कमी लागणारा वेळ यांच्यात जेवढा फरक, तेवढीच भरपाई शक्य असते. ही मोकळीक वेळापत्रक बनवतानाच ठेवलेली असते, कारण कुठे रुळाचं काम चालू असतं, कुठे समोरच्या गाडीसाठी थांबावं लागतं.

नेहमीची भरपाई किती, हे मागच्या काही दिवसांच्या नोंदींवरून काढायचं. समजा सात दिवसांच्या नोंदीत नगर ते बेलापूर टप्प्यात गाडीने अशी मिनिटं भरून काढली: ५, ४, उणे १२, ६, १०, ५, ३. सरासरी येते ३. पण ते उणे १२ क्रॉसिंगला खोळंबल्यामुळे आलेत, त्या एका दिवसाने सरासरी खाली ओढलीये. म्हणून इथे मध्यक घ्यावा: ओळीने लावले की मधला आकडा ५. जास्तीत जास्त भरपाई १०. आणखी एक गोष्ट. नोंदीत फक्त गाडी लेट असलेले दिवस घ्यायचे. वेळेवर असलेल्या गाडीला भरून काढायला काही नसतंच, आणि थांब्यावरून ती वेळेआधी सुटतही नाही. ते दिवस मिसळले तर भरपाई उगाच कमी दिसते.

नगर-बेलापूर टप्प्यातले २७ किमी उरलेत, म्हणजे टप्प्याचे सुमारे ४० टक्के. म्हणून नेहमीची भरपाई ५ ऐवजी २ मिनिटं, जास्तीत जास्त ४. बेलापूर-कोपरगाव टप्प्यासाठी अशाच नोंदीवरून नेहमीची ३ आणि जास्तीत जास्त ६ धरू. म्हणजे गाडी बहुधा १८.२५ ला येईल, आणि कितीही धावली तरी १८.२० च्या आधी नाही.

खरी गंमत पुढच्या टप्प्यात आहे. वेळापत्रक नीट बघा: कोपरगाव ते मनमाड ४२ किमीला ७० मिनिटं, ताशी फक्त ३६! उलट दिशेची गाडी मनमाडहून कोपरगावला ४५ मिनिटांत येते असं दिसलं, तर समजावं की २५ मिनिटं मोकळीक याच टप्प्यात ठेवलीये. मोठ्या जंक्शनच्या किंवा शेवटच्या स्टेशनच्या अलीकडे अशी मोकळीक ठेवायची रेल्वेची पद्धतच आहे. मुलांना जाण्याच्या आणि येण्याच्या वेळा शेजारी लिहून टप्प्याटप्प्याने वजाबाकी करायला लावा, ही जागा त्यांना आपोआप सापडते.

यातून दोन उलट्या चुका होतात. "ही गाडी मनमाडपर्यंत २५ मिनिटं भरून काढते" असं ऐकलेलं असलं, की मुलं ती भरपाई अंतराच्या प्रमाणात वाटतात. उरलेल्या ११२ किमीपैकी कोपरगावपर्यंत ७०, म्हणजे तिथवर सुमारे १६ मिनिटं, म्हणजे गाडी १८.१४ ला. आजोबा दहा मिनिटं आधी स्टेशनवर पोहोचतात, चहा घेतात, बिघडत काही नाही. दुसरी चूक महागात पडते. येवल्याहून मनमाडला गाडी पकडायला निघालेला माणूस १८.५० मध्ये ५२ मिळवून १९.४२ धरतो. प्रत्यक्षात कोपरगावला ४७ मिनिटं लेट असलेली गाडी पुढच्या टप्प्यात नेहमीप्रमाणे २० मिनिटं भरून काढते आणि १९.१७ लाच मनमाडला लागते. सगळं जुळून आलं तर कोपरगावपर्यंत १० आणि पुढे २५, म्हणजे उशीर फक्त १७ मिनिटं: १९.०७! साडेसातला पोहोचणाऱ्याची गाडी गेलेली असू शकते. म्हणून घ्यायला जाणाऱ्याने बहुधा येण्याची वेळ धरावी, आणि गाडी पकडणाऱ्याने लवकरात लवकरची.

हे उत्तर एकदा काढून ठेवायचं नसतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मांडायचं, आणि उत्तर कसं सरकतंय ते बघायचं. दहा मिनिटांनी पुन्हा केलेल्या गणितात येण्याची वेळही दहा मिनिटांनी पुढे गेली, तर गाडी उभी आहे. एकेरी मार्गाच्या भागात बहुतेक वेळा समोरून येणाऱ्या गाडीसाठी. दोन-तीन मिनिटांनीच सरकली, तर गाडी चालू आहे पण हळू, म्हणजे पुढे कुठेतरी वेगावर बंधन असणार.

गाडी उभी असेल तेव्हा सरासरी वेग आणि भरपाई दोन्ही बाजूला ठेवा. समोरची गाडी त्या स्टेशनात येईपर्यंत आपली हलणार नाही, तेव्हा समोरच्या गाडीची जागा बघून तिला तिथवर यायला किती वेळ लागेल ते आधी काढा. फार उशीर झालेल्या गाडीला असे थांबे जास्त लागू शकतात, कारण तिची ठरलेली वेळ निघून गेलेली असते आणि मार्ग वेळेवरच्या गाड्यांना द्यायचा असतो. त्यामुळे तासाभराच्या उशिरावर बसवलेला भरपाईचा आकडा पाच तास लेट असलेल्या गाडीला लावू नये.