९५ टक्के खात्री नेमकी कशाची?

नोव्हेंबर २०२१मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही लस हैदराबादच्या भारत बायोटेकने आयसीएमआर आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या साथीने तयार केली होती. लक्षणे असलेल्या कोविडविरुद्ध तिची परिणामकारकता ७७.८ टक्के आढळली. हा आकडा देशभर गाजला. त्याच्यालगत छापलेला ‘९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल : ६५.२ ते ८६.४’ हा मजकूर मात्र फारसा कुणी वाचला नाही. ज्यांनी वाचला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याचा अर्थ असा लावला असणार : लसीची खरी परिणामकारकता ६५.२ आणि ८६.४ यांच्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.

हा अर्थ सरळ आणि पटण्याजोगा वाटतो. पण तो चुकीचा आहे.

चूक कुठे होते ते कळण्यासाठी हा पट्टा कसा तयार झाला ते पाहावे लागते. ज्या स्वयंसेवकांच्या नोंदींवर मुख्य निष्कर्ष बेतला, त्यात लस घेतलेले ८,४७१ आणि लसीसारखीच दिसणारी पण लस नसलेली सुई घेतलेले ८,५०२ जण होते. दुसऱ्या डोसला दोन आठवडे उलटल्यानंतर लसवाल्या गटात २४ आणि दुसऱ्या गटात १०६ जणांना लक्षणांसह कोविड झाला. दोन्ही गट जवळजवळ सारखे असल्याने २४ला १०६ने भागले की ०.२३ येतात. म्हणजे लसीमुळे आजार सुमारे ७७ टक्क्यांनी घटला. प्रत्येक जण किती दिवस निरीक्षणाखाली होता याचा हिशेब धरला की ७७.८ हा आकडा येतो.

एकूण रुग्ण १३०. त्यातले लसवाले २४ निघाले, पण योगायोगाने २० किंवा २९ही निघू शकले असते. कोणाचा विषाणूशी संपर्क आला आणि कोणाचा टळला, यात नशिबाचा भाग असतोच. या चढउताराला जागा ठेवण्यासाठी ७७.८च्या दोन्ही बाजूंना पट्टा आखला जातो.

हा पट्टा आखण्याची रीत पोलिश गणिती येझी नेमन यांनी १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडली. त्यांच्या मांडणीत ९५ टक्के हा गुण रीतीचा आहे, तिच्यातून निघालेल्या एखाद्या पट्ट्याचा नाही. लसीची खरी परिणामकारकता आपल्याला ठाऊक नसली तरी ती एक ठरलेली संख्या असते. बदलतो तो पट्टा. जत्रेत वस्तूवर रिंग टाकतात, तेव्हा वस्तू जागची हलत नाही, रिंग दर वेळी वेगळीकडे पडते. नेमन यांची हमी एवढीच, की या हाताने टाकलेल्या शंभरातल्या साधारण ९५ रिंगा वस्तूभोवती पडतील. पडून गेलेली एखादी रिंग मात्र वस्तूभोवती असते किंवा नसते.

समजा, लसीची खरी परिणामकारकता ७५ टक्के आहे, आणि १३० रुग्ण आढळेपर्यंत चालणारी चाचणी पुनःपुन्हा घेतली. सरासरीने दर वेळी लसवाल्या गटात २६ रुग्ण निघतील. एखाद्या चाचणीत २२ निघतील आणि परिणामकारकता ८० टक्के दिसेल, दुसरीत ३० निघतील आणि ती ७० टक्के दिसेल. दोन्ही चाचण्यांचे पट्टे वेगळे असतील, तरी ७५ला कवेत घेतील. क्वचित एखाद्या चाचणीत ४० रुग्ण निघतील. तिचा पट्टा साधारण ३५ ते ७० येईल, आणि खरा आकडा त्याच्या बाहेर राहील. त्या संशोधकांच्या कामात काहीही खोट नसेल. त्यांच्या अहवालातही ‘९५ टक्के’ असेच छापलेले असेल, आणि आपला पट्टा चुकलेल्यांपैकी आहे हे त्यांना कळणारही नाही.

चुकीचा अर्थ फक्त सामान्य वाचकच लावतात असे नाही. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात १२० संशोधक आणि ४४२ विद्यार्थ्यांना अशा पट्ट्याबद्दलची सहा विधाने दिली होती. सहाही चुकीची होती. ती सगळी चूक आहेत हे अचूक ओळखणारे संशोधक जेमतेम तीन टक्के निघाले. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

‘खरा आकडा इथे असण्याची शक्यता ९५ टक्के’ हे वाक्य म्हणायचेच असेल, तर त्याचा रस्ता वेगळा आहे. फायझरच्या लसीच्या चाचणीत लसवाल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात १६२ रुग्ण आढळले. परिणामकारकता ९५ टक्के, आणि पट्टा ९०.३ ते ९७.६. हा पट्टा नेमन यांच्या रीतीचा नव्हता, बेझच्या रीतीचा होता. या रीतीत चाचणीआधीच ‘परिणामकारकता कितीही असू शकते, पण अमुक किमती अधिक संभवतात’ असे गृहीतक आकड्यांत लिहून ठेवावे लागते. मग चाचणीची आकडेवारी त्यात मिसळून शक्यता काढता येते. अशा पट्ट्याबद्दल ते वाक्य चालते, कारण त्याची किंमत गृहीतकाच्या रूपाने आधीच मोजलेली असते. कोव्हॅक्सिनच्या पट्ट्यात असे गृहीतक घातलेले नव्हते, म्हणून त्यातून ती शक्यता काढताही येत नाही.

मग ६५.२ ते ८६.४ वाचायचे कसे? परिणामकारकतेच्या ज्या किमती या आकडेवारीशी फारशा विसंगत नाहीत, त्यांची ही यादी आहे असे समजावे. खरा आकडा ७० असता तर १३०पैकी २४ रुग्ण लसवाल्या गटात निघणे अगदी शक्य होते. तो ४० असता तर इतके कमी रुग्ण निघणे फारच अवघड होते. त्यामुळे ७० यादीत आहे, ४० नाही.

पट्ट्याची रुंदीही बोलते. गंभीर आजाराविरुद्ध कोव्हॅक्सिनची परिणामकारकता ९३.४ टक्के दिसली, म्हणजे ७७.८पेक्षा कितीतरी सरस. पण तिचा पट्टा ५७.१ ते ९९.८ असा ऐसपैस आहे. कारण गंभीर रुग्ण एकूण १६च होते, १५ एका गटात आणि एक दुसऱ्यात. लसवाल्या गटात आणखी एक-दोन गंभीर रुग्ण निघाले असते, तर आकडा बराच खाली आला असता.

या पट्ट्यात फक्त योगायोगाचा हिशेब असतो, ही त्याची मोठी मर्यादा. दिल्लीच्या एम्समधल्या कर्मचाऱ्यांवर एप्रिल-मे २०२१मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, एक अभ्यास झाला. त्यात दोन डोसांची परिणामकारकता ५० टक्के आढळली आणि पट्टा होता ३३ ते ६२. तो चाचणीच्या पट्ट्याला कुठेच शिवत नाही. दोन्ही पट्ट्यांत एकच ‘खरा आकडा’ ९५ टक्के शक्यतेने बसला आहे असे मानले, तर इथे गोंधळ उडतो. प्रत्यक्षात दोन्ही अभ्यास एकच गोष्ट मोजत नव्हते. चाचणीतले स्वयंसेवक नोव्हेंबर २०२०पासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दाखल झाले होते, आणि त्यांना लस की नुसती सुई हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले होते. एम्सचे कर्मचारी डेल्टाच्या लाटेत रोज रुग्णांमध्ये वावरत होते. तिथे चिठ्ठीने गट पाडलेले नव्हते, तर लक्षणे असलेल्यांपैकी चाचणी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह आलेल्यांचे लसीकरण ताडून पाहिले होते. विषाणूचा प्रकार, संपर्काचे प्रमाण आणि मोजणीची पद्धत यांनी पडणारा फरक ३३ ते ६२ किंवा ६५.२ ते ८६.४ या आकड्यांत कुठेही धरलेला नाही. तो अभ्यासाची पद्धत वाचूनच शोधावा लागतो.