पहिल्या वर्षाच्या ग्राहकांचे आभार, आणि सोबत छोटीशी भेट

अक्षय्य तृतीयेला सुरू झालेलं एक पार्लर डोळ्यांसमोर आणा. दोन खुर्च्या, मालकीण आणि तिची एक मदतनीस. वर्षभरात वहीत एकशे चाळीस नावं जमली. वर्षपूर्तीला या सगळ्यांचे आभार मानायचे आणि काहीतरी छोटी भेट द्यायची असं तिच्या मनात आहे. आभाराचं पत्र आणि सवलत यांचा हा मेळ कसा घालायचा, हे त्या वहीपासूनच पाहायला हवं.

वही उघडली की ही नावं तीन गटांत पडतात. दर महिना-दीड महिन्याला येणाऱ्या तीसेक जणी. वर्षात दोन-चारदा आलेल्या पन्नास. आणि एकदाच येऊन गेलेल्या साठ. पार्लर नवं असताना हात कसा आहे, वस्तरा-टॉवेल स्वच्छ असतात का, यातलं काहीच ठाऊक नसताना या सगळ्या आत आल्या. म्हणून एकदाच आलेल्यांनाही आभार पोचायला हवेत. पत्र मात्र एकाच साच्याचं नको. नेहमीच्या ताईंना "वर्षभर येत राहिलात" हे शोभतं. एकदाच आलेल्या काकूंना तेच वाक्य पाठवलं, तर आपण त्यांना ओळखलंच नाही हे त्यांना लगेच कळतं.

नेहमी येणाऱ्यांसाठी मजकूर साधारण असा असावा:

"नमस्कार ताई, या अक्षय्य तृतीयेला आपल्या पार्लरला एक वर्ष झालं. दुकान नवं होतं, तेव्हापासून तुम्ही विश्वासानं येत राहिलात, मैत्रिणींनाही पाठवलंत. तुम्ही सांगितल्यावर आम्ही दुपारची वेळ सुरू केली, ती आता सगळ्यांच्याच सोयीची झाली आहे. मनापासून आभार. वर्षपूर्तीची छोटी भेट म्हणून १६ जून ते २ जुलै या काळात मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी, ११ ते ४ या वेळेत हेअरकटला आलात, तर पंधरा मिनिटांचा तेलाचा हेड मसाज आमच्याकडून. येण्याआधी एक फोन करा, म्हणजे थांबावं लागणार नाही."

एकदाच आलेल्यांसाठी मधली दोन वाक्यं बदलायची: "दुकान नवं असताना तुम्ही आमच्याकडे आलात, ते आमच्या लक्षात आहे. काही मनासारखं झालं नसेल, तर मोकळेपणानं सांगा." "तुम्ही परत का आला नाहीत" असा सूर कुठेही येऊ द्यायचा नाही.

या मजकुराची पारख सोपी आहे. शेवटची भेटीची दोन वाक्यं झाकून वाचा. उरलेलं पत्र पुरतं वाटलं, तर ते आभाराचं आहे. काहीच उरलं नाही, तर ती जाहिरात आहे.

कोणी काय करून घेतलं, याचा उल्लेख मात्र चुकूनही नको. अप्पर लिप, हनुवटीचं वॅक्सिंग, पांढरे केस रंगवणं या गोष्टी बाई पार्लरच्या चार भिंतींत सांगते. तिचा फोन घरात मुलगा उघडतो, सासूबाई वाचतात. दुपारची वेळ, पाठवलेल्या मैत्रिणी, एवढीच ओळख पुरे.

आता भेटीचा हिशेब. वर्षपूर्ती म्हटलं की पहिल्यांदा सुचतं ते "फेशियल अर्ध्या किमतीत". समजा, फेशियल १,२०० रुपयांचं आहे. त्यात क्रीम, पॅक वगैरे सामान ३०० रुपयांचं आणि मदतनिसीचा वाटा १२० रुपये. एरवी ७८० रुपये सुटतात, त्यातून भाडं आणि वीजबिल भागतं. अर्ध्या किमतीत हातात येतात ६००, खर्च तेवढाच, म्हणजे सुटतात फक्त १८०. दर निम्मा झाला, पण शिल्लक चौथ्या हिश्शाच्याही खाली गेली, आणि खुर्ची सव्वा तास अडकली ती वेगळीच. शिवाय गेल्या आठवड्यात पूर्ण पैसे देऊन गेलेली नेहमीची ताई खट्टू होते आणि नवी बाई पुढच्या सवलतीची वाट बघत राहते.

हेड मसाजचं गणित वेगळं आहे. तेल आणि टॉवेलची धुलाई धरून पंचवीस रुपये. एकशे चाळीसपैकी निम्म्या, म्हणजे सत्तर जणी आल्या, तरी १,७५० रुपये. हेअरकटचा दर तोच राहतो. खरा खर्च वेळेचा: सत्तर वेळा पंधरा मिनिटं म्हणजे साडेसतरा तास. तीन आठवड्यांचे नऊ दिवस धरले, तर रोज साधारण आठ मसाज, दोन तासांचं काम. रिकाम्या दुपारी ते सहज बसतं. शनिवार-रविवारी मात्र त्याच पंधरा मिनिटांत दुसरं गिऱ्हाईक बाहेर ताटकळतं, म्हणून वार आणि वेळ ठरवून द्यायची.

तारखा १६ जूनपासून ठेवण्याचं कारणही वहीतच आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लग्नसराई ऐन भरात असते. ब्रायडल मेकअपच्या गडबडीत मोफत मसाज म्हटला, तर तो घाईत उरकला जाणार. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात, आयांची दुपार मोकळी होते, पार्लरमध्येही गर्दी ओसरते. म्हणून आभार त्याच दिवशी, भेट नंतर. मधे दोन महिने जातात, तेव्हा १५ जूनच्या सुमारास आठवणीची दोन ओळींची चिठ्ठी हवीच.

हेअर कलर फुकट किंवा स्वस्तात देण्याचा मोह टाळलेला बरा. बऱ्याच कायमस्वरूपी रंगांत पीपीडी नावाचा घटक असतो आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. त्यासाठी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून ४८ तास थांबावं लागतं. सवलतीच्या गर्दीत नेमकी हीच पायरी गळते. मसाजच्या आधीही टाळूवर जखम किंवा पुरळ नाही ना, आणि कोणतं तेल चालत नाही, एवढं विचारायचंच.

पोचवायचं कसं? व्हॉट्सॲपचा ग्रुप करू नये. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्टमधून प्रत्येकीला वेगळा निरोप जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे, त्यांनाच तो मिळतो. एकदाच आलेल्या साठ जणींपैकी अनेकींकडे तो सेव्ह नसणार, आणि आपल्याला त्या पोचल्यासारख्या वाटत राहतील. त्यांना एकेक करून स्वतंत्र निरोप पाठवावा. नेहमी येणाऱ्यांच्या हातात छापील कार्ड द्यावं, नाव पेनानं लिहून. नावाची जोडाक्षरं वहीतून ताडून घ्यावीत.

जुलैत वही पुन्हा उघडायची. किती जणी मसाज घेऊन गेल्या, हा आकडा फारसं सांगत नाही. मोफत वस्तूला माणसं येतातच. एकदाच आलेल्या साठपैकी कितीजणी आल्या आणि त्यातल्या कितीजणी गणपतीच्या आधी नेहमीच्या दरात पुन्हा आल्या, हे बघायचं. आणि २ जुलैनंतर कार्ड घेऊन कोणी ताई आली, तर "तारीख गेली" म्हणून तिला परत पाठवू नये. पंचवीस रुपयांचं तेल आणि रिकामी खुर्ची असेल, तर तिला बसवून मसाज द्यावा. भेट लहान ठेवली की तेवढा मोठेपणा परवडतो.