रिवाया म्हणजे कादंबरी

आमच्या दादीच्या खोलीत ताकावर, कुरआन शरीफच्या शेजारी, जवळजवळ वर्षभर एक अरबी पुस्तक रेशमी जुजदानात गुंडाळून ठेवलेले होते. शारजात इलेक्ट्रिशियनचे काम करणारा माझा भाचा सुट्टीवर अहेरीला आला, तेव्हा त्याने ते दादीसाठी हौसेने आणले होते. दुकानात त्याने पुस्तकाच्या पाठीवरचे, म्हणजे बांधणीच्या उभ्या पट्टीवरचे शब्द हिज्जे करून वाचले. त्यात एक शब्द ‘हिजरा’ होता आणि खाली बारीक अक्षरात ‘रिवाया’. हिजरत आणि रिवायत! त्याला वाटले, मक्केहून मदिनेला झालेल्या हिजरतीच्या रिवायती असणार. आम्हालाही तसेच वाटले. आमच्या घरात सगळ्यांना अरबी अक्षरे वाचता येतात, अरबी मात्र कुणालाच येत नाही.

एके दिवशी मशिदीतले हाफिजसाहेब घरी आले. त्यांनी जुजदान उघडले, दोन पाने चाळली आणि हसू दाबत म्हणाले, “खालाजान, ही तर कादंबरी आहे.”

ते पुस्तक होते ‘मौसिमुल हिजरा इलश-शिमाल’. सुदानचे लेखक तय्यब सालिह यांची 1966 साली आलेली, अरबीतली अतिशय नावाजलेली कादंबरी. नाव शब्दाशब्दाने उलगडले तर कोडे उरत नाही. मौसिम म्हणजे आपला मोसम. हिजरा म्हणजे स्थलांतर, मग ते कुणाचेही असो. शिमाल म्हणजे उर्दूतले शुमाल, उत्तर. मराठीत ‘उत्तरेकडे स्थलांतराचा मोसम’. विलायतेत शिकून नाईलकाठच्या आपल्या गावी परतलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. आणि तो ‘रिवाया’, ज्याने आम्हाला पुरते फसवले, तो आजच्या अरबीत कादंबरीसाठीचा नेहमीचा शब्द आहे. म्हणजे प्रकाशकाने तर पाठीवर स्पष्ट लिहूनच ठेवले होते.

दादी रागावली नाही, पण खजील झाली. भाचा तर फोनवर गप्पच झाला. या वेळी सुट्टीवर येण्याआधी त्याने दुकानातल्या एका कप्प्याचा फोटो पाठवला आणि म्हणाला, “खाला, आता तुम्ही आधी वाचा, मग मी घेतो.” हाफिजसाहेबांना आणि एका जाड शब्दकोशाला सोबत घेऊन मी चार संध्याकाळी तो फोटो वाचला. त्यात जे शिकले ते लिहिते आहे, कारण आखातातून असे फोटो आणि अशी पुस्तके बऱ्याच घरांत येत असतील.

पहिला फोटो वायाच गेला. तो तिरपा काढलेला होता आणि इथल्या नेटवर्कमधून येताना आणखी पुसट झाला. मराठीत अक्षर थोडे पुसट झाले तरी अंदाज बांधता येतो. अरबीत सगळा जीव नुकत्यात असतो. ‘शीन’वरचे तीन नुकते दिसले नाहीत तर तो ‘सीन’ होतो, आणि ‘शिअर’ म्हणजे कविता, तिचा ‘सिअर’ म्हणजे बाजारभाव होतो. ‘गैन’चा एक नुकता गेला की ‘ऐन’ उरतो, आणि ‘गर्ब’ म्हणजे पश्चिम (आपल्या मगरिबमधलाच शब्द) याचे ‘अरब’ होते. म्हणून त्याला सांगितले की एका फोटोत चार-पाचच पुस्तके घे, फोन पट्टीच्या अगदी समोर धर आणि फ्लॅश लावू नकोस, कारण सोनेरी अक्षरे फ्लॅशने पांढरी होऊन जातात.

दुसरी अडचण जेर-जबर-पेशची. कुरआन शरीफमध्ये प्रत्येक अक्षरावर खुणा असतात, म्हणून आपण अस्खलित वाचतो. पुस्तकांच्या पाठीवर त्या नसतात. ऐन, लाम, मीम ही तीन अक्षरे ‘इल्म’ही असू शकतात आणि ‘अलम’ म्हणजे झेंडाही. शेजारचा शब्द पाहूनच ठरवावे लागते. आमच्या फोटोत शेजारी ‘नफ्स’ होता, म्हणून ‘इल्मुन-नफ्स’. मी लगेच म्हणाले, हे नफ्सवर ताबा ठेवण्याचे, तसव्वुफचे पुस्तक. शब्दकोश म्हणाला, मानसशास्त्र. कॉलेजात शिकवतात तेच.

खरी गोम इथेच आहे. ज्या शब्दाचा अर्थ मुळीच माहीत नसतो तो आपण शोधतो. उर्दूमुळे आणि दीनमुळे ओळखीचा वाटणारा शब्द आपण शोधत नाही, आणि तोच फसवतो. त्याच कप्प्यात एका जाड पुस्तकावर ‘अल-आमालुल कामिला’ असे होते. आमाल म्हटले की आपल्याला नामा-ए-आमाल आठवतो. इथे आमाल म्हणजे लेखकाचे काम, आणि सगळ्याचा अर्थ ‘समग्र साहित्य’. त्याच्या शेजारच्या बारीक पुस्तकावर ‘अल-गरीब’ होते. आपल्याकडे गरीब म्हणजे पैशाने गरीब, अरबीत मात्र परका, अनोळखी. वर लेखकाचे नाव होते ‘आल्बेर कामू’. म्हणजे ही फ्रेंच लेखकाची प्रसिद्ध कादंबरी. नावाच्या शेवटी ‘ट’ नाही, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीच्या वळणाने लिहिले असते तर आल्बर्ट झाले असते. अरबीने फ्रेंच उच्चार जसाच्या तसा उचलला आहे.

परके नाव ओळखायची आणखी एक सोपी खूण आहे, आणि उर्दू शिकलेल्या मुलांना ती चटकन कळते. अरबीत ‘पे’ नाही, ‘चे’ नाही, ‘गाफ’ही नाही. त्यामुळे पाउलो हे नाव ‘बाऊलो’ होते आणि टागोरांचे ‘तागूर’, तेही तोय आणि गैन घालून. नाव असे अडखळत वाचावे लागले की समजावे, लेखक बाहेरचा आहे आणि पुस्तक बहुतेक तर्जुमा आहे. बहुतेकच, कारण एखाद्या अरब लेखकाने तागूरवर लिहिलेले चरित्रही असू शकते. नाव वर एकटे आहे की शीर्षकाच्या आत आहे, ते बघावे.

आता त्या फोटोतले माझे सगळ्यात आवडते पुस्तक. पाठीवर चार शब्द होते: ‘किस्सतु तजारिबी मअल हकीका’. दोन मिनिटे थांबून तुम्हीच वाचून पाहा. किस्सा मराठीत आहेच. तजारिब हे तजुर्ब्याचे अनेकवचन. त्याच्या शेवटी लागलेली ‘ई’ म्हणजे ‘माझे’, जशी नमाजमधल्या ‘रब्बी’त असते. मअ म्हणजे सोबत, आणि हकीका म्हणजे हकीकत, सत्य. ‘सत्यासोबतच्या माझ्या तजुर्ब्यांची गोष्ट’. इथे मी अडकले, कारण तजुर्बा म्हणजे अनुभव असे माझ्या डोक्यात पक्के होते. हाफिजसाहेबांनी सांगितले की अरबीत तोच शब्द प्रयोगासाठीही चालतो, शाळेच्या प्रयोगशाळेतल्यासुद्धा. मग एकदम उजेड पडला. सत्याचे प्रयोग! फोटो मोठा करून पाहिला तर वर बारीक अक्षरात, गैन लावून, ‘गांदी’ लिहिलेले. गांधीजींची आत्मकथा.

हे शीर्षक नुसते पुस्तक ओळखून देत नाही, ते कोणत्या वाटेने आले तेही सांगते. गांधीजींनी आत्मकथा गुजरातीत लिहिली, आणि तिथे नाव साधे आहे: सत्याचे प्रयोग अथवा आत्मकथा. आपल्या मराठीने तेच ठेवले. महादेव देसाईंनी 1927 आणि 1929 साली दोन भागांत इंग्रजी अनुवाद केला. माझ्या प्रयोगांची ‘गोष्ट’ आणि सत्या‘सोबत’चे प्रयोग, हे दोन्ही शब्द त्या इंग्रजी शीर्षकातले आहेत. अरबीत ‘किस्सा’ही आहे आणि ‘मअ’ही. म्हणजे अरबी शीर्षक गुजरातीवरून नाही, इंग्रजीवरून घेतलेले. अरबी अनुवादक मुनीर बालबकी हे ‘अल-मौरिद’ या प्रसिद्ध इंग्रजी-अरबी शब्दकोशाचे कर्ते, हे कळल्यावर तर शंकाच उरली नाही.

एवढे असूनही पाठीवरून सगळे कळत नाही. अनुवादकाचे नाव बहुधा आतल्या पानावर असते, म्हणून भाच्याला शीर्षकाचे पान आणि त्याची मागची बाजू यांचेही फोटो मागितले. तिथे तीन शब्द शोधायचे. ‘तालीफ’च्या पुढे मूळ लेखक येतो. ‘तर्जमा’च्या पुढे अनुवादक. आणि ‘तहकीक’ असेल तर ती पोलिसांची तहकीकात नव्हे. कुणी विद्वानाने जुन्या हस्तलिखितांवरून ग्रंथ तपासून छापला आहे, असा त्याचा अर्थ, आणि असे पुस्तक सहसा मूळ अरबीच असते. काही जण तर्जमाऐवजी ‘नकलहु इलल अरबिय्या’ लिहितात, म्हणजे ‘अरबीत आणले’. नक्कल वगैरे काही नाही. एक खड्डा मात्र लक्षात ठेवावा. जुन्या ग्रंथांत तर्जमा म्हणजे एखाद्या माणसाचा जीवनपरिचयही असतो. कप्प्यावर ‘तराजिम’ अशी पाटी असेल तर तिथे अनुवाद नाहीत, थोरामोठ्यांची चरित्रे आहेत. भाचा नेमका त्याच कप्प्यासमोर उभा राहून “खाला, इथे तर सगळेच तर्जुमे आहेत” म्हणत होता.

शेवटच्या फोटोत ‘कलीला व दिम्ना’ होते, आणि लेखकाच्या जागी इब्नुल मुकफ्फा. परके नाव नाही, अडखळणे नाही. दुकानात ते अरबी अभिजात ग्रंथांच्या रांगेत होते आणि तिथेच शोभते. तरीही तो तर्जुमा आहे. इब्नुल मुकफ्फांनी आठव्या शतकात ते पहलवीतून अरबीत आणले. पहलवीत ते त्याआधी दोनशे वर्षे, बादशाह नौशेरवानच्या काळात, आपल्या पंचतंत्रावरून गेले होते. कलीला आणि दिम्ना हे दोन कोल्हे म्हणजे करटक आणि दमनक. काही आवृत्त्यांत तालीफपुढे ‘बैदबा’ या हिंदी हकिमाचे नाव आणि तर्जमापुढे इब्नुल मुकफ्फांचे नाव छापतात. या आवृत्तीत तसे नव्हते. अशा वेळी पाठही मदत करत नाही आणि आतले पानही. ते पुस्तक आधीपासून माहीत असावे लागते.

भाच्याने तेच घेतले, चित्रांची आवृत्ती. दादीने या वेळी पुस्तक हातात घेताच आधी विचारले, “रिवाया तर नाही ना?” मग पहिल्याच चित्रातला बैल आणि सिंह पाहून म्हणाली, ही गोष्ट तर मला येते, आणि नातवंडांना मराठीतून सांगायला बसली.