एक पुडी, एक लिटर

समजा, ऐन पावसाळ्यात दीड वर्षांच्या, दहा किलो वजनाच्या एका मुलीला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. आशाताईंनी दिलेली जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी घरात आहे. आई पुडी फोडते, चमचाभर पावडर फुलपात्रात घालून वर पाणी ओतते आणि उरलेली पुडी रबर लावून ठेवते. पोर एका वेळी पिणार तरी किती, हा तिचा विचार. पण नेमकं इथेच औषध बिघडतं.

पुडीत ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट असतं. ते पुडीत सगळीकडे सारखं मिसळलेलं असेलच असं नाही, म्हणून एका चमच्यात काय आलं ते कळत नाही. जुलाब चालू असतानाही आतडं ग्लुकोजच्या जोडीने मीठ आत घेतं आणि मिठामागोमाग पाणी शरीरात जातं. हे योग्य प्रमाणातच घडतं. पाणी कमी पडून द्रावण घट्ट झालं, तर ते उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचतं. जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ वाढून मुलाला झटकेही येऊ शकतात. फार पातळ केलं, तर गेलेलं मीठ भरून निघत नाही.

म्हणून पुडी फोडण्याआधी तिच्यावरचं वाचायचं. साधारण 21 ग्रॅमची मोठी पुडी एक लिटरसाठी असते, चार ग्रॅमच्या आसपासची छोटी 200 मिलीलिटरसाठी. छोटी पुडी लिटरभर पाण्यात किंवा मोठी पुडी पेलाभर पाण्यात, हा घोटाळा सहज होतो. तांब्या मोजायला घेऊ नका, प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. पाण्याची एक लिटरची बाटली स्वच्छ धुऊन मापाला ठेवा.

पाणी लिटरपेक्षा थोडं जास्त घेऊन खळखळून उकळा, मिनिटभर तसंच उकळू द्या आणि झाकून गार करा. उकळताना पाणी आटतं, म्हणून लिटर मोजायचा तो गार झाल्यावर. उकळणं जमत नसेल, तर क्लोरीनची गोळी किंवा थेंब सांगितलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. तेही नसेल, तर घरातलं सर्वांत स्वच्छ पाणी घ्या. पाण्यापायी ओआरएस अडवून ठेवू नका. हात साबणाने धुवा, मोजलेलं पाणी स्वच्छ भांड्यात घ्या, अख्खी पुडी त्यात रिकामी करा आणि ढवळा. वरून साखर, मीठ, दूध, सरबत काही नको, आणि पुन्हा उकळायचंही नाही. भांडं झाका. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. पाणी फेकलं जातं याची हळहळ नको, सरकारी दवाखान्यात पुडी फुकट मिळते.

आपल्या या मुलीला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलीलिटर, म्हणजे अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध आणि मऊ भात, खिचडी चालू ठेवा. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन रुग्णांना पाजवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासहून चार टक्क्यांखाली आलं. पाजणारे हात घरच्यांचेच होते.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, ते शरीरातलं पाणी टिकवतं. "गुण नाही" म्हणून ते बंद करणं आणि जुलाब अडवणारी गोळी देणं, दोन्ही घातक. सोबत झिंक 14 दिवस द्यावं लागतं: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10.

आता डोळे पाहा. ते खोल गेलेत का? मूल चिडचिडं होऊन अधाशासारखं पाणी मागतंय का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश जागेवर येते का? यातलं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे किलोमागे 75 मिलीलिटर, म्हणजे या मुलीला पाऊण लिटर, चार तासांत देखरेखीखाली पाजतात. शीत रक्त, ताप, वारंवार उलटी, सहा तास लघवी नाही, किंवा तीन दिवसांत उतार नाही, तरीही डॉक्टरकडे जायचं. सहा महिन्यांखालचं बाळ किंवा कुपोषित मूल असेल, तर वाट पाहूच नका.

मूल गळून पडलं, उठवूनही नीट जागं होईना, पिता येईना, झटके आले किंवा हिरवी उलटी झाली, तर घरी एक मिनिटही दवडू नका. त्याला सलाइन लागू शकतं. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर भांडं आणि चमचा बरोबर घ्या आणि वाटेतही पाजत राहा.