नवी कोरी गाडी आणि तोच तो बिघाड

डीलरला नोटीस लिहायला बसलेला गाडीमालक बहुतेक वेळा चिडलेला असतो, आणि त्यात नवल नाही. दहा-अकरा लाख मोजलेत, शोरूमच्या दारात नारळ फोडलाय, हप्ते सुरू झालेत आणि गाडी मात्र महिन्या-दीड महिन्याने वर्कशॉपमध्ये उभी. मग नोटिशीत ‘फसवणूक’, ‘मानसिक छळ’, ‘निकृष्ट दर्जा’ असे शब्द येतात, पाच पानं भरतात आणि गाडीला नेमकं झालंय काय, ते चौथ्या पानावर एका ओळीत सापडतं. कंपनीच्या कायदा विभागाला अशी नोटीस फार सोयीची. तिचं उत्तर तयारच असतं: ‘आपण तक्रार केली त्या प्रत्येक वेळी वॉरंटीनुसार विनामूल्य दुरुस्ती करून दिली आहे. गाडीत कोणताही उत्पादनदोष नाही.’

या उत्तराला आधार आहे. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी होती, अख्खी गाडी बदलण्याची नव्हती, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. गाडी मुळातच सदोष आहे हे सिद्ध झालेलं नव्हतं. पुढे फियाट इंडियाच्या खटल्यात याच न्यायालयाने दुसरी बाजूही दाखवली: स्वतंत्र तज्ज्ञाने गाडीत अंगभूत उत्पादनदोष असल्याचं मत दिलं, तर ग्राहकाला गाडीची किंमत आणि भरलेला कर व्याजासह परत मिळेल. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये अशा गाड्यांसाठी वेगळे कायदे आहेत आणि किती वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलायची याचं गणितही बरंचसं ठरलेलं आहे. आपल्याकडे असा आकडा कुठेच नाही. चार खेपा झाल्या की गाडी बदलून मिळते, हा गैरसमज आहे. ‘दुरुस्ती केली’ या कंपनीच्या म्हणण्यापुढे ‘दुरुस्ती फसली, आणि दर वेळी त्याच जागी फसली’ हे ग्राहकाला दाखवावं लागतं. नोटीस त्यासाठीच असते.

एक उदाहरण मनाशी धरू. साताऱ्यातल्या एका शिक्षिकेने ऑटोमॅटिक गिअरची पेट्रोल गाडी घेतली. एक्स-शोरूम किंमत 9 लाख 80 हजार, रस्ताकर 11 टक्के म्हणजे एक लाख आठ हजारांच्या आसपास, वर विमा आणि वाढीव वॉरंटी. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात गिअरबॉक्सचा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना. तेव्हा मीटरवर 1,140 किलोमीटर होते. वर्कशॉपने सॉफ्टवेअर अपडेट केलं. 2,900 ला पुन्हा तेच, पुन्हा सॉफ्टवेअर. 4,600 ला क्लच बदलला. 6,050 ला गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा अख्खा संच बदलला आणि गाडी 19 दिवस अडकून पडली. 7,300 ला घाटात पुन्हा दिवा. मधल्या काळात काच वर न जाणं, डॅशबोर्ड वाजणं अशाही बारीक तक्रारी झाल्या.

बाईंनी नोटिशीत काचेचं आणि डॅशबोर्डचं नावही काढू नये, असं मला वाटतं. वीस तक्रारींची यादी दिली की कंपनी त्यातल्या सतरा मिटलेल्या दाखवते आणि उरलेल्या तीन त्या गर्दीत हरवतात. एकच बिघाड, पाच वेळा, चार वेळा उपाय करूनही परत आलेला: ही या प्रकरणाची खरी ताकद. क्लच बदलला, संच बदलला, तरी दोष राहिला, याचा अर्थ तो एका सुट्या भागात नसून आणखी खोल आहे, असा तर्क आयोगापुढे मांडता येतो. मारुतीच्या निकालावर सुटे भाग बदलण्याचा मार्ग संपला, हेच उत्तर आहे.

हे सगळं उभं राहतं ते जॉब कार्डावर, आणि तिथेच बहुतेकांचं प्रकरण लंगडं पडतं. गाडी आत घेताना सर्व्हिस ॲडव्हायझर तक्रार आपल्या शब्दांत टाइप करतो: ‘जनरल चेकअप’, नाहीतर ‘पिकअप कमी’. काम झाल्यावर खाली ‘टेस्ट ड्राइव्ह केली, ओके’. कधी ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून जॉब कार्ड उघडतच नाहीत, आणि मग ती खेप कागदावर झालेलीच नसते. तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी: ‘घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ओढ जाते, गिअरबॉक्सचा दिवा लागतो.’ दिवा लागलेला असताना मीटरसकट व्हिडिओ घ्यावा. वर्कशॉपने स्कॅनर लावला की त्यात दिसलेल्या फॉल्ट कोडची प्रत मागावी, नाही दिली तर त्याच संध्याकाळी ईमेलने मागावी. तेच कोड पुन्हा पुन्हा येत असतील तर त्याहून बोलका पुरावा नाही. गाडी ताब्यात घेताना ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही मागतात, तिथे ‘दोष गेल्याची खात्री चालवल्यावरच होईल’ असं हाताने लिहून मग सही करावी. कुणी हरकत घेत नाही.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही. ग्राहक आयोगाकडे ती न पाठवताही जाता येतं, आणि ती वकिलानेच लिहावी असंही काही नाही. मात्र तिच्यामुळे ग्राहकाने गाडी नेमकी कधी नाकारली याची तारीख ठरते आणि कंपनीला शेवटची संधी दिल्याचं कागदावर येतं. बाईंच्या नोटिशीचा गाभा असा असू शकतो:

‘सदर गाडीत घाट चढताना ओढ जाऊन गिअरबॉक्सचा इशारा-दिवा लागणे हा एकच दोष सोबतच्या तक्त्यातील पाच तारखांना उद्भवला. आपल्या अधिकृत वर्कशॉपने केलेला प्रत्येक उपाय त्याच तक्त्यात नमूद असून त्यानंतरही दोष कायम आहे. दुरुस्तीने हा दोष दूर होत नाही हे आपल्याच नोंदींवरून स्पष्ट होते. सबब ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याच मॉडेलची नवी, दोषरहित गाडी नव्या वॉरंटीसह द्यावी. अथवा गाडीची किंमत, रस्ताकर, नोंदणी, विमा व वाढीव वॉरंटीपोटी भरलेली रक्कम व्याजासह परत करावी.’

सोबत तक्ता: तारीख, किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक, तक्रार, केलेलं काम, गाडी किती दिवस अडकली. दोन पानांत सगळं बसतं. पंधरा दिवस ही रूढ मुदत आहे, कायद्याची नाही. नोटीस स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि शिवाय ईमेलनेही पाठवावी.

पाठवायची कोणाला, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. डीलर आणि उत्पादक दोघांनाही, उत्पादकाला नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर. वर्कशॉप दुसऱ्याच फर्मचं असेल तर तिलाही. पण दोघांची नावं घातली म्हणून दोघे आपोआप जबाबदार होत नाहीत. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने 2011 चं नवं मॉडेल म्हणून 2009 ची, आधी चालवलेली गाडी दिली. खालच्या सगळ्या आयोगांनी डीलर आणि टाटा मोटर्स अशा दोघांनाही जबाबदार धरलं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये टाटा मोटर्सला मोकळं केलं. डीलर कंपनीकडून गाड्या विकत घेतो आणि स्वतःच्या नावाने विकतो, तो कंपनीचा नोकर नव्हे. त्याने केलेली लबाडी कंपनीला माहीत होती, असं ग्राहकाने मांडलंही नव्हतं आणि सिद्धही केलं नव्हतं. म्हणून बाईंच्या नोटिशीत दोन वेगळे परिच्छेद हवेत. गिअरबॉक्सचा दोष मुळातला, वॉरंटी तुमची, हा उत्पादकासाठी. सदोष गाडी विकली, अर्धवट दुरुस्ती केली, 19 दिवस गाडी अडकवली, हा डीलरसाठी. विक्रीआधी खरचटलेली गाडी रंगवून दिली, जुना साठा नवा म्हणून खपवला, अशा तक्रारीत मुख्य नेम डीलरवर असावा.

बऱ्याच नोटिशींत हल्ली 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण ठोकून दिलेलं दिसतं. भारदस्त वाटतं, पण ते उत्पादनामुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेल्या हानीसाठी आहे. खुद्द त्या वस्तूचं नुकसान त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. गाडीचे पैसे परत हवे असतील तर आधार सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी यांचा, आणि कलम 39 चा. दोष दूर करणं, वस्तू बदलणं, किंमत व्याजासह परत करणं, भरपाई देणं, हे सगळे आदेश आयोग त्या कलमाखाली देतो.

नोटीस गेल्यावर गाडीचं काय करायचं? हप्ते थांबवू नयेत. बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, आणि थकबाकी झाली तर पत आपली जाते. नियमित सर्व्हिसिंग चुकवू नये, बाहेरून वायर कापून दिवे बसवू नयेत. वॉरंटी नाकारायला कंपनीला तेवढं पुरतं. वापर मात्र बेताचा ठेवावा. गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर पळाली असेल तर ‘मुळातच सदोष गाडी इतकी चालली कशी?’ हा सवाल येतोच, आणि अनेक प्रकरणं त्यावरच पडली आहेत. पैसे परत देतानाही वापरापोटी काही रक्कम वजा होऊ शकते. गाडी वर्कशॉपमध्येच सोडून द्यायची असेल तर किलोमीटर आणि अवस्था नोंदवून, दोषामुळे ताबा नाकारत असल्याचं पत्र देऊन सोडावी. नाहीतर डीलर उलट पार्किंगचं भाडं मागतो.

उत्तर नकाराचं आलं, किंवा आलंच नाही, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तीच पायरी. बाईंना कंपनीच्या गावी जायची गरज नाही, त्या राहतात तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या आयोगात तक्रार चालते. शुल्क पाच ते दहा लाखांच्या गाडीला 200 रुपये आणि वीस लाखांपर्यंत 400. गाडी फर्मच्या नावावर आणि धंद्यासाठी घेतलेली असेल तर मात्र ‘तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप आधी झेलावा लागतो. तक्रारीबरोबरच तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज द्यावा. आयोग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे गाडी पाठवू शकतो आणि त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचं किंवा आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचं मतही घेतलं जातं. ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या चिठ्ठीला तिथे फारसं वजन नाही. तपासणीत दिवा लागलाच नाही, तर तुमचे व्हिडिओ आणि फॉल्ट कोडच्या प्रती बोलतात.

एक तारीख मात्र आजच बघून ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. वॉरंटी तीन वर्षांची असली, कंपनीशी पत्रव्यवहार चालू असला, तरी नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही.