सायलेंटवरचा फोन ओरडतो तेव्हा

२० जुलै २०२३ च्या सकाळी मुंबई-ठाण्यासह राज्यात अनेकांचे फोन एकाच वेळी भोंग्यासारखे किंचाळले. आदल्याच रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती, त्यामुळे धसका अधिकच बसला. पडद्यावरचा मजकूर मात्र दूरसंचार विभागाच्या चाचणीचा होता. फोन सायलेंटवर असतानाही तो वाजला कसा, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पडला.

साधा एसएमएस पत्रासारखा असतो. प्रत्येकाचा नंबर पत्ता म्हणून घ्यायचा, तो फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते शोधायचे, संदेश पोचवायचा आणि पोच घ्यायची. लाखो लोकांसाठी हेच करायचे तर रांग लागते. सेल ब्रॉडकास्टमध्ये नंबर लागतच नाही. टॉवर एकच संदेश हवेत सोडतो, पुन:पुन्हा सोडतो, आणि त्याच्या टापूतले फोन रेडिओसारखे तो ऐकतात. तोच संदेश परत आला तर त्यावरचा क्रमांक पाहून फोन गप्प बसतो. कुणाला मिळाला याची नोंद टॉवरकडे राहत नाही, म्हणजे ‘सरकार आपला माग काढते’ ही शंका इथे गैरलागू आहे.

आवाजाचे गुपित फोनमध्येच आहे. प्रत्येक संदेशासोबत त्याचा प्रकार सांगणारा आकडा येतो. आंतरराष्ट्रीय मानकांत ४३७० हा सर्वोच्च दर्जाचा. तो दिसताच फोन संदेश इनबॉक्सकडे न पाठवता आणीबाणीच्या वेगळ्या यंत्रणेकडे देतो. सायलेंटचे बटण रिंगटोन बंद करते, या यंत्रणेचा भोंगा नव्हे. खालच्या दर्जाचे इशारे सेटिंगमधून बंद करता येतात, सर्वोच्च दर्जाचे नाही.

समजा, बारवी धरण भरून वाहू लागले आणि उल्हास नदीकाठी इशारा द्यायचा आहे. नकाशावर पट्टा आखला जातो आणि त्यातले टॉवर निवडले जातात. पण टॉवरची हद्द नकाशावरची रेघ मानत नाही. त्यामुळे पुराचा काही संबंध नसलेल्या उंचावरच्या इमारतीतही भोंगा वाजेल, कर्जत लोकलमधून जाणाऱ्या प्रवाशाचाही वाजेल. उलट घर कल्याणला नदीलगत, पण माणूस ठाण्यात कामावर असेल, तर त्याला काहीच कळणार नाही. घरी म्हातारे आईवडील असतील तर ही उणीव मोठी आहे. इथे नंबरवर येणारा एसएमएसच उपयोगी, म्हणून सेल ब्रॉडकास्ट आल्याने तो बाद ठरत नाही.

फोन बंद किंवा एअरप्लेन मोडवर असेल, तर भोंगा वाजत नाही. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबलाही तो ऐकू येत नाही. इंटरनेट डेटा बंद असला तरी मात्र अडत नाही.