दोन एक, पण तुकड्याचा मालक एकच

३, १, २, १ ही चार आकड्यांची रांग घ्या. तिच्यातून सलग तुकडे काढायचे, प्रत्येक तुकड्यातला सर्वांत लहान आकडा उचलायचा आणि त्या सगळ्यांची बेरीज करायची. तुकडे दहा निघतात. एकेकटे चार आकडे मिळून ७ होतात. उरलेल्या सहा तुकड्यांत कुठे ना कुठे १ आहेच, म्हणून त्यांचे ६. उत्तर १३.

प्रोग्रॅमिंगचा सराव करणाऱ्यांना हे कोडे लीटकोडवर ९०७ क्रमांकाने भेटते. तिथे रांग ३०,००० आकड्यांची असू शकते, आणि मग सलग तुकडे ४५ कोटींच्या पुढे जातात. एकेक तुकडा तपासत बसणे परवडत नाही. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: हा आकडा किती तुकड्यांत सर्वांत लहान ठरतो? त्याच्या डावीकडे तुकडा जितक्या जागांपासून सुरू होऊ शकतो, त्या संख्येला उजवीकडे तो जितक्या जागांवर संपू शकतो त्या संख्येने गुणले, की झाले. त्या गुणाकाराला पुन्हा आकड्याने गुणले की बेरजेतला त्याचा वाटा मिळतो.

दोन्ही बाजूंची हद्द शोधायला मोनोटोनिक स्टॅक कामी येतो. रांग डावीकडून वाचत जायची आणि प्रत्येक आकड्याची जागा स्टॅकवर ठेवायची. नवा आकडा आला, की वरचे त्याच्याहून मोठे असलेले सगळे काढून टाकायचे. त्यामुळे स्टॅकमध्ये खालून वर आकडे कधीच उतरत नाहीत. जो आकडा निघतो त्याला निघतानाच दोन्ही हद्दी कळतात: उजवीकडची हद्द म्हणजे त्याला बाहेर काढणारा नवा आकडा, आणि डावीकडची म्हणजे स्टॅकमध्ये त्याच्या लगेच खाली असलेला. प्रत्येक जागा एकदाच आत जाते, एकदाच बाहेर येते. ३०,००० आकड्यांसाठी ही ये-जा ६०,००० पावलांत आटोपते.

```python
def sum_min(a):
    st, total = [], 0
    for r in range(len(a) + 1):
        while st and (r == len(a) or a[st[-1]] > a[r]):
            m = st.pop()
            l = st[-1] if st else -1
            total += a[m] * (m - l) * (r - m)
        st.append(r)
    return total
```

खरी मेख आहे ती सारख्या आकड्यांत. आपल्या रांगेतल्या १, २, १ या तुकड्यात सर्वांत लहान १, पण तो कोणता? पहिला की दुसरा? दोघांनीही तुकड्यावर हक्क सांगितला, तर तो दोनदा मोजला जातो. दोघांनीही एकमेकाला हद्द मानले, तर तो कोणाच्याच वाट्याला येत नाही. पहिल्या चुकीत उत्तर १५ येते, दुसरीत ११.

तोडगा असा, की बरोबरीचा निवाडा एकाच बाजूला करायचा. वरच्या कोडमध्ये डावीकडचा सारखा आकडा हद्द ठरतो, उजवीकडचा ठरत नाही. उजवीकडे थांबवायला खरोखरच लहान आकडा लागतो. म्हणजे तुकडा नेहमी सर्वांत डावीकडच्या किमान आकड्याचा. आता हिशोब पाहा. ३ ला एक तुकडा मिळतो. पहिल्या १ ला डावीकडे दोन जागा, उजवीकडे तीन, म्हणून सहा तुकडे. २ ला एक. दुसऱ्या १ ला डावीकडे पहिला १ अडवतो, म्हणून दोनच. बेरीज ३ + ६ + २ + २, म्हणजे १३. उजव्या १ ला मालक करणारा उलटा नियमही तितकाच चालतो. दोन्हीकडे सारखाच नियम लावला, की मात्र गडबड होते.

ही चूक फसवी आहे. लीटकोडने नमुन्यादाखल दिलेल्या दोन्ही रांगांत, ३, १, २, ४ आणि ११, ८१, ९४, ४३, ३ यांत, एकही आकडा पुन्हा येत नाही. चुकीच्या नियमाचा कोडही तिथे १७ आणि ४४४ अशी बरोबर उत्तरे देतो. म्हणून स्वतःची चाचणी घेताना १, १, १, १ अशी रांग द्यावी. बरोबर उत्तर १०. दुहेरी मोजणारा कोड २० सांगतो आणि तुकडे गमावणारा ४. रांग लांबली की दुहेरी मोजणीची चूकही फुगत जाते: ३०,००० सारख्या आकड्यांवर उत्तर जवळपास दहा हजार पट येते.

याहून नेमकी एक खूण आहे. आकड्याची किंमत बाजूला ठेवून नुसत्या तुकड्यांची बेरीज करावी. n आकड्यांच्या रांगेत ती `n*(n+1)/2` इतकीच यायला हवी. आपल्या रांगेत १ + ६ + १ + २ म्हणजे दहा, हिशोब जुळला. जास्त आली तर कुठलातरी तुकडा दोघांच्या नावावर आहे, कमी आली तर कुठलातरी बेवारस आहे.

सी++ किंवा जावामध्ये लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. एकाच आकड्याचा वाटा ६ लाख कोटींच्या पुढे जाऊ शकतो, आणि ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४ कोटींच्या आसपासच मावते. लीटकोड उत्तर १,००,००,००,००७ ने भागून उरलेली बाकी मागते, पण ती बाकी काढण्याआधीच गुणाकार ६४ बिटांत करावा लागतो.